साडेतीन मीटर हवा, बारा मीटर वायर

चाकण एमआयडीसीतल्या किंवा भोसरीतल्या कारखान्यात शिरलं की शेडच्या एका कडेला, बऱ्याचदा मेझनाइनवर, एक ट्रेनिंग हॉल असतो. नव्या कामगारांचं सुरक्षा प्रशिक्षण, सकाळची क्वालिटी मीटिंग, ग्राहक कंपनीचं ऑडिट हे सगळं तिथेच चालतं, आणि छताला एक प्रोजेक्टर टांगलेला असतो. हॉल जुना असेल तर त्या प्रोजेक्टरपर्यंत भिंतीतून गेलेली वायर व्हीजीएची असते. आजच्या लॅपटॉपला ते तोंडच नसतं. फॉल्स सीलिंग उघडायचं म्हणजे हॉल दोन दिवस बंद, शिवाय रंगकामाचा खर्च. मग कुणीतरी वायरलेस एचडीएमआयची जोडी मागवतं: लॅपटॉपला लावायचा ट्रान्समीटर आणि प्रोजेक्टरला लावायचा रिसीव्हर. खोक्यावर ‘रेंज ५० मीटर’ असं छापलेलं असतं. हॉल तर जेमतेम नऊ मीटरचा, म्हणजे प्रश्नच मिटला, असं वाटतं. तो मिटत नाही, कारण प्रश्न रेंजचा नसतोच. छतावरच्या प्रोजेक्टरसाठी हे यंत्र घ्यायचं की नाही, हे ठरवताना खोक्यावरचा मीटरचा आकडा जवळपास निरुपयोगी असतो. लॅपटॉप आणि रिसीव्हर यांच्यामधल्या सरळ रेषेत काय उभं आहे, त्या हवेत आणखी कोण बोलतं आहे आणि पडद्यावरचं काम किती उशीर सोसू शकतं, याचा हिशेब करावा लागतो. औद्योगिक पट्ट्यात तो हिशेब शहरातल्या फ्लॅटपेक्षा वेगळा येतो.

आधी अंतर मोजू. समजा हॉल नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि ३.३ मीटर उंच आहे. पडदा १०० इंची, म्हणजे साधारण २.२ मीटर रुंद. नेहमीच्या प्रोजेक्टरला पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणून तो पडद्यापासून ३.३ मीटरवर, जमिनीपासून सुमारे २.७ मीटर उंचीवर टांगलेला असेल. बोलणाऱ्याचं टेबल पडद्याच्या भिंतीपासून एक मीटरवर आणि मध्यरेषेपासून दीड मीटर बाजूला. या टेबलापासून प्रोजेक्टरपर्यंत सरळ दोरी ताणली तर ती साडेतीन मीटरचीही भरत नाही. पण वायर सरळ जात नाही. ती टेबलावरून खाली उतरते, भिंतीपर्यंत जाते, भिंत चढते, छताला समांतर धावते, हॉलच्या मध्यापर्यंत आडवी येते आणि प्रोजेक्टरच्या दांड्यावरून खाली उतरते. ही बेरीज साडेअकरा मीटर होते, आणि थोडी ढील धरली की बारा. ऐन अडचणीचा आकडा हा आहे. साधी तांब्याची एचडीएमआय केबल फुल एचडी चित्र दहा ते पंधरा मीटरपर्यंत कसंबसं नेते, आणि ६० फ्रेमचं फोर-के चित्र पाचेक मीटरपुढे भरवशाने नेत नाही. म्हणजे हवेतून साडेतीन मीटरचं सोपं काम आहे आणि तांब्यातून बारा मीटरचं अवघड. वायरलेसची खरी बाजू इथे आहे, आणि ती मान्य करायलाच हवी.

रेडिओलहरीची ताकद मोकळ्या हवेत अंतराच्या वर्गाने घटते. ५० मीटरवर जेवढी पोहोचेल, त्याच्या दोनशे पटीहून जास्त ती साडेतीन मीटरवर असते. ही दोनशे पट म्हणजे आपली शिल्लक, वाटेतल्या अडथळ्यांवर खर्च करायला ठेवलेली. प्लास्टर केलेली विटांची भिंत आली तर अंदाजे नऊ दशांश ताकद जाते आणि शिल्लक वीस पटीवर येते. चित्र तरीही चालतं. जिप्समचं फॉल्स सीलिंग तर जवळपास काहीच घेत नाही. पण या पट्ट्यातल्या शेड विटांच्या कमी आणि पत्र्याच्या जास्त असतात. केबिनला पफ पॅनल असतं, म्हणजे दोन पोलादी पत्र्यांच्या मध्ये फोम. पाच गीगाहर्ट्झची लहर लोखंडात एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्याच खोलीत विरून जाते. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रासुद्धा तिच्यापुढे किल्ल्याची भिंत आहे. अशा पत्र्यातून लहर पलीकडे जात नाही, ती दार, खिडकी आणि फटींतून वळसा घालून जाते. म्हणून सुपरवायझरच्या केबिनमधून हॉलच्या प्रोजेक्टरवर चित्र टाकायचं ठरवलं, तर अंतर सहा मीटर असूनही यंत्र हात टेकतं, आणि केबिनचं दार उघडं असताना चालणारं चित्र दार लावलं की फुटतं. काचेवर धातूचा मुलामा असलेली सनफिल्म लावली असेल तर ती काचही पुष्कळ लहर अडवते.

यातूनच छतावरची एक नेहमीची चूक कळते. रिसीव्हर दिसू नये म्हणून तो फॉल्स सीलिंगच्या वर सरकवला जातो. टाइल जिप्समची असेल तर चालून जातं, पण धातूच्या भोकाभोकाच्या टाइल असतील तर रिसीव्हर पत्र्याच्या पेटीत बंद झाला. ती भोकं लहरीच्या लांबीपेक्षा फारच लहान असतात, लहर त्यांतून जात नाही. ५.८ गीगाहर्ट्झला ही लांबी पाच सेंटिमीटरच्या आसपास असते. टाइल कुठलीही असो, प्रोजेक्टरचं लोखंडी ब्रॅकेट आणि खुद्द प्रोजेक्टर यांच्या आड रिसीव्हर लपला तरी नुकसान होतंच. उपाय अगदी साधा आहे. अर्धा-एक मीटरची छोटी एचडीएमआय वायर वापरून रिसीव्हर प्रोजेक्टरच्या पुढच्या कडेला, टेबलावरून नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा बसवायचा. छताची जागा इथे कामी येते. टेबलावरून छताकडे जाणारी रेषा बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून जाते, आणि माणसाचं शरीर, त्यात पाणी जास्त असल्यामुळे, लहर चांगलीच शोषतं. बोलणारा स्वतः मात्र लॅपटॉपपुढे उभा राहून ही रेषा अडवू शकतो, म्हणून ट्रान्समीटर लॅपटॉपच्या प्रोजेक्टरकडल्या बाजूला ठेवावा.

आता हवेतली गर्दी. कारखान्यात चित्र तुटलं की पहिलं बोट वेल्डिंग मशीनकडे दाखवलं जातं, दुसरं मोठ्या मोटारींच्या ड्राइव्हकडे. हा समज स्वाभाविक आहे, कारण वेल्डिंग सुरू झालं की रेडिओ खरखरतो हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण वेल्डिंगच्या ठिणगीचा आणि ड्राइव्हच्या स्विचिंगचा रेडिओगोंगाट मुख्यतः काही किलोहर्ट्झपासून काही शे मेगाहर्ट्झपर्यंत असतो. पाच हजार मेगाहर्ट्झवर त्यातलं फारच थोडं उरतं. वेल्डिंगचा दोष असलाच तर तो वेगळ्या वाटेने येतो. मोठं मशीन चालू होताच व्होल्टेज क्षणभर खाली जातं, आणि रिसीव्हरला वीज देणारा पाच व्होल्टचा स्वस्त अडॅप्टर तेवढ्यात मान टाकतो. रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, वीसेक सेकंद चित्र जातं, आणि सगळे म्हणतात की सिग्नल गेला. सिग्नल गेलेला नसतो, वीज गेलेली असते.

हवेतली खरी गर्दी वायफायची असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने पाच गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात ६०५ मेगाहर्ट्झ इतकी जागा विनापरवाना वापरासाठी खुली केली. त्यामुळे असली यंत्रं परवान्याशिवाय वापरता येतात, पण त्याच सवलतीने शेजारच्या कंपनीचा राऊटर, आपलाच ॲक्सेस पॉइंट, गोदामातले बारकोड स्कॅनर आणि ग्राहकाने आणलेला मोबाइल हॉटस्पॉट हे सगळे त्याच हवेत येतात. विनापरवाना याचा अर्थ संरक्षणाविना असाही होतो. इथे व्यत्ययाची तक्रार घेऊन कुणाकडे जाता येत नाही. ६०५ हा आकडा मोठा वाटतो, पण बहुतेक स्वस्त जोड्या ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६५ या चॅनलांमध्येच फिरतात, आणि कंपनीचं वायफायही नेमकं तिथेच असतं. शिवाय फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालणारी जोडी असेल, तर शेजारच्या पँट्रीतला मायक्रोवेव्हसुद्धा पुरेसा ठरतो, कारण तो २४५० मेगाहर्ट्झवरच काम करतो. दुपारी जेवणाच्या वेळीच चित्र अडकत असेल तर आधी तिकडे पाहावं.

या गर्दीवरचा उपाय बरेचदा यंत्रात नसतो, आयटी विभागाच्या हातात असतो. पुष्कळ जोड्यांना चॅनल निवडण्याची सोयच नसते. सुरू होताना त्यांना जो मोकळा वाटतो तो त्या पकडतात. मोबाइलवरचं वायफाय ॲनलायझर ॲप उघडून हॉलमध्ये कुठले चॅनल भरले आहेत ते पाहता येतं, आणि हॉलजवळचा ॲक्सेस पॉइंट ३६ ते ४८ मध्ये बांधून १४९ च्या वरचा भाग प्रोजेक्टरसाठी सोडता येतो. आणखी एक गोष्ट फार वेळा नजरेतून सुटते. ॲक्सेस पॉइंटही छतालाच असतो आणि कधी कधी प्रोजेक्टरपासून हातभर अंतरावर. चॅनल वेगळा असला तरी कानाशी ओरडणाऱ्या माणसामुळे टेबलापलीकडचं बोलणं ऐकू येत नाही, तसं रिसीव्हरचं होतं. दोघांत दोन-तीन मीटर अंतर ठेवलं की हा त्रास पुष्कळ कमी होतो. आणि चाचणी कधी घ्यायची, यालाही या पट्ट्यात महत्त्व आहे. इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि इलेक्ट्रिशियनला हॉल मोकळा मिळतो तोही गुरुवारीच. त्या दिवशी आजूबाजूच्या शेड बंद, लोक नाहीत, हवा शांत. यंत्र अर्थातच उत्तम चालतं. खरी परीक्षा शुक्रवारी सकाळी, चाळीस माणसं खिशात चाळीस मोबाइल घेऊन बसलेली असताना होते.

विलंबाचा मुद्दा मात्र जागा बदलून सुटत नाही, तो यंत्राच्या घडणीतच आहे. फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा रंगवायचं तर सेकंदाला सुमारे तीनशे कोटी बिट लागतात. वायरमधून ते तसेच जातात. पाच गीगाहर्ट्झवरची साधी जोडी तेवढं वाहू शकत नाही. ती चित्र दाबून शंभरेक पटीने लहान करते, पाठवते, पलीकडे थोडं साठवते आणि उलगडते. एक फ्रेम १७ मिलिसेकंदांची. दाबण्यात, पाठवण्यात, साठवण्यात अशा काही फ्रेम जातात, आणि एकूण उशीर सहज ५० ते २०० मिलिसेकंदांवर जातो. उशीर कमी दाखवायचा तर साठवण कमी ठेवावी लागते, आणि साठवण कमी म्हणजे व्यत्यय आला की चित्र लगेच फुटतं. गर्दीच्या हवेत कमी उशीर आणि स्थिरता दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. स्लाइड बदलायला दशांश सेकंद उशीर झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पडद्याकडे बघत एक्सेलमधली नेमकी चौकट माउसने पकडायची असेल, किंवा कॅडमधला पार्ट फिरवून दाखवायचा असेल, तर हात पुढे आणि बाण मागे अशी ओढाताण होते. दाबण्याचा आणखी एक परिणाम बारीक अक्षरांवर होतो. दाबताना उजेडाचा तपशील बराच राखला जातो, पण रंगाचा तपशील बहुधा एक चतुर्थांशावर आणला जातो. त्यामुळे पांढऱ्यावरचं काळं स्वच्छ दिसतं आणि निळ्यावरचं बारीक लाल लेखन पुसट होतं. कंट्रोल चार्टवरचे लाल आकडे मागच्या रांगेतून वाचता येत नसतील, तर दोष प्रोजेक्टरच्या दिव्याचा असेलच असं नाही.

आवाजाची गोष्ट याहून नाजूक आहे. सुरक्षेची फिल्म दाखवताना चित्र वायरलेसने जातं, पण आवाज लॅपटॉपच्या जॅकमधून थेट ॲम्प्लिफायरला जातो. चित्र दीडशे मिलिसेकंद मागे, आवाज वेळेवर, म्हणजे बोलणाऱ्याचे ओठ हलण्याआधीच शब्द ऐकू येतो. निसर्गात असं कधी होत नाही. लांबच्या माणसाचा आवाज नेहमी उशिराच येतो, कारण ध्वनीला नऊ मीटर जायला २६ मिलिसेकंद लागतात. मागून येणारा आवाज मेंदू सोसतो, आधी येणारा फारसा सोसत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची प्रसारणासाठीची शिफारस हेच सांगते: आवाज सुमारे १२५ मिलिसेकंद मागे असेपर्यंत प्रेक्षकाला कळत नाही, पण तो ४५ मिलिसेकंद पुढे गेला की कळतो. म्हणून आवाज लॅपटॉपवरून घेऊ नये. तो रिसीव्हरनंतर, प्रोजेक्टरच्या ऑडिओ आउटमधून किंवा ऑडिओ एक्स्ट्रॅक्टरमधून घ्यावा, म्हणजे चित्र आणि आवाज दोघंही सारखेच उशिरा येतील. त्यासाठी छतावरून ॲम्प्लिफायरपर्यंत ऑडिओची बारीक वायर ओढावी लागते, हे खरं. एवढी वायर ओढायचीच आहे, तर चित्राचीही का नको, हा प्रश्न इथे आपोआप येतो.

उशीर मोजायला उपकरण लागत नाही. लॅपटॉपवर मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच सुरू करायचं, Win + P दाबून Duplicate निवडायचं, आणि लॅपटॉप व पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा मोबाइलने फोटो काढायचा. लॅपटॉपवर १२.४८० आणि पडद्यावर १२.३४० दिसलं तर एकूण उशीर १४० मिलिसेकंद. मग तात्पुरती छोटी वायर लावून हेच पुन्हा करायचं. समजा आता फरक ४० आला, तर तो प्रोजेक्टरचा स्वतःचा, आणि उरलेले १०० जोडीचे. पडदा फ्रेमनुसारच बदलतो, त्यामुळे एका फोटोत एखाद्या फ्रेमची चूक राहते. म्हणून दहा फोटोंची सरासरी घ्यावी.

आक्षेप असा येऊ शकतो की विलंबच नसलेली जोडीही मिळते, मग स्वस्त यंत्रावर वायरलेसची पारख कशाला? ६० गीगाहर्ट्झवर चालणारी यंत्रं आहेत, ती चित्र न दाबता पाठवतात आणि त्यांचा उशीर एका फ्रेमपेक्षाही कमी असतो. शेजारचं वायफायही तिथे पोहोचत नाही. पण त्या लहरीची लांबी पाच मिलिमीटर. ती एका खोलीबाहेर जात नाही, भिंत सोडाच, मध्ये माणूस उभा राहिला तरी तुटते. सरळ दिसणाऱ्या साडेतीन मीटरसाठी ती उत्तम आहे, बोलणारा हॉलभर फिरत असेल तर नाही. कुठलीही जोडी घेताना दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची उपकरण-मान्यता आहे का, हे विक्रेत्याला विचारावं. बाहेरच्या देशातून आणलेलं यंत्र इथे खुल्या असलेल्या पट्ट्यातच बोलेल, याची खात्री नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: वायरही तुटते, मग तिला झुकतं माप का? तुटते, पण तुटल्यावर तुटलेलीच राहते, आणि दोष सापडतो. वायरलेसचा दोष येतो आणि जातो, त्यामुळे तो ओळखायची खूण माहीत असावी लागते. चित्रात चौकोन उठले, ते गोठलं आणि पुढे सरकलं, तर दोष हवेतला, म्हणजे अडथळा किंवा गर्दी. चित्राच्या जागी रिसीव्हरचं स्वतःचं सुरुवातीचं चिन्ह आलं आणि त्याचा दिवा विझून पुन्हा लागला, तर दोष विजेचा. प्रोजेक्टरचं एचडीएमआय तोंड रिसीव्हरला पोसत नाही, त्याला यूएसबीतून पाच व्होल्ट लागतात, आणि प्रोजेक्टरच्या यूएसबीतून पुरेसा करंट मिळेलच असं नाही. छतावरच्या प्लगात चांगला अडॅप्टर लावणं बरं. आणि रिसीव्हरचा दिवा व्यवस्थित लागलेला असून प्रोजेक्टर No Signal म्हणत असेल, किंवा स्लाइड दिसतात पण ओटीटीवरची फिल्म काळी येते, तर हवेचा संबंध नाही. पहिल्यात रिझोल्यूशनची बोलणी फसलेली असतात, दुसऱ्यात कॉपी-संरक्षणाची.

तेव्हा निवाडा असा. हॉल एकच, टेबल आणि प्रोजेक्टर एकमेकांना दिसणारे, काम स्लाइडचं, आणि छत उघडणं परवडत नाही, तिथे वायरलेस जोडी निःशंक घ्यावी. मात्र टेबलाच्या खणात बारा-पंधरा मीटरची एक वायर गुंडाळून ठेवावी, ऑडिटच्या दिवशी ती जमिनीवरून टाकता येते. फिल्म, कॅड किंवा मागच्या केबिनमधून दाखवणं असेल, तर आधी भिंतीतला जुना व्हीजीएचा पाइप तपासावा. ती वायर पाइपात मोकळी सरकत असेल तर तिचं डोकं कापून तिच्याच टोकाला कॅट-सिक्स बांधावी आणि ओढून घ्यावी. त्या एका वायरवर एचडीबेसटीची जोडी फुल एचडी चित्र १०० मीटरपर्यंत न अडखळता नेते. नवी शेड उभी करणाऱ्यांना विनंती एवढीच आहे की फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी टेबलापासून प्रोजेक्टरपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या, आणि तो २५ मिलिमीटरचा नको, ४० चा टाका. एचडीएमआयचं साच्यातलं डोकं वीसेक मिलिमीटर रुंद असतं, आणि २५ च्या पाइपात ते पहिल्याच वळणावर अडकतं.